पोटावरच्या आणि पाठीवरच्या रेषा: रंग पाहून उपाय कसा ठरवावा

स्ट्रेच मार्क्सवर काय लावावे, हे ठरवण्याआधी त्या रेषांचा आजचा रंग पाहावा. नवी रेषा लालसर, गुलाबी किंवा जांभळट असते. सावळ्या त्वचेवर ती गडद तपकिरीही दिसते, आणि पुष्कळदा बोट फिरवल्यास किंचित उंच लागते, खाजतेही. काही महिन्यांनी तीच रेषा फिकट होते, आक्रसते आणि शेवटी चंदेरी पांढरी होऊन किंचित खोलगट राहते. या दोन अवस्थांत त्वचेच्या आत घडणाऱ्या गोष्टी वेगळ्या असतात, म्हणून उपायही वेगळे आहेत.

आपल्या त्वचेचा वरचा पातळ थर बाह्यत्वचा आणि त्याखालचा जाड थर अंतस्त्वचा. ताण सोसण्याचे काम अंतस्त्वचेतील कोलॅजेन आणि इलॅस्टिन हे तंतू करतात. गरोदरपणात पोट किंवा वयात येताना शरीर वेगाने वाढते, त्याच काळात शरीरातील संप्रेरकेही या तंतूंच्या विणीवर परिणाम करतात. मग वीण जागोजागी उसवते आणि तिथे सूज येते. नव्या रेषेचा लाल रंग या सुजेचा आणि रुंदावलेल्या रक्तवाहिन्यांचा असतो. सूज ओसरली की उरतो तो एक प्रकारचा व्रण, मात्र तो आतून बाहेर आलेला. म्हणूनच पोट खाजवल्याने रेषा पडतात हा समज खरा नाही. त्वचा ताणली गेली म्हणून खाज येते आणि त्याच ताणामुळे रेषाही पडते.

पहिली पायरी: रेषा कुठे आहे आणि कोणत्या दिशेने धावते, ते पाहा

रेषा नेहमी ताणाच्या दिशेला आडवी पडते. गरोदरपणात पोटाचा घेर वाढतो, म्हणून पोटाच्या बाजूंच्या रेषा बहुधा वरून खाली उतरतात. त्या बहुतेकींना सहाव्या महिन्यानंतर दिसू लागतात, आणि पोटाबरोबर स्तन, मांड्या व कंबरेवरही येतात. उंच वाढणाऱ्या मुलाच्या पाठीची त्वचा उभी ताणली जाते, म्हणून त्याच्या कंबरेच्या वरच्या भागात, कण्याच्या दोन्ही बाजूंना, आडव्या रेषांची शिडी दिसते.

या शिडीविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण तिने घरात आणि शाळेत गैरसमज होऊ शकतात. समजा, एका पंधरा वर्षांच्या मुलाची उंची वर्षभरात नऊ सेंटिमीटर वाढली. सदरा बदलताना आईला त्याच्या पाठीवर सात-आठ लालसर आडव्या रेषा दिसल्या आणि कुणीतरी छडीने मारल्याचे हे वळ आहेत, असे तिला वाटले. ओळखण्याची खूण सोपी आहे. माराचा वळ दुखतो, काही दिवसांत काळानिळा, मग पिवळसर होत जिरून जातो. वाढीची रेषा दुखत नाही, बऱ्याचदा मुलाला तिचा पत्ताही नसतो, आणि दोन आठवड्यांनी पाहिले तरी ती तिथेच आणि तशीच असते. शंका राहिली तर मुलाला धाक न दाखवता विचारावे आणि डॉक्टरांना पाठ दाखवावी. वाढीच्याच रेषा असतील, तर या मुलाला कोणत्याही औषधाची गरज नाही. त्या काही वर्षांत बऱ्याच फिकट होतात.

रेषांमागे दुसरे काही दडले आहे का, हेही याच पायरीला पाहावे. मुलाची उंची आणि वजन दोन्हींची जुनी नोंद काढा. वाढीच्या भरात उंची झपाट्याने वाढलेली असते. याउलट वजन वाढत आहे, पण उंची थांबली आहे, रेषा एक सेंटिमीटरपेक्षा रुंद आणि गडद जांभळ्या आहेत, चेहरा गोल झाला आहे, साध्या धक्क्यानेही काळेनिळे डाग पडतात किंवा खाली बसल्यावर उठताना मांड्यांत जोर लागत नाही, असे असेल तर शरीरात कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त तयार होत असण्याची शक्यता असते. ही तपासणी पुढे ढकलू नये. मोठ्यांनाही हेच लागू आहे.

जांघेत किंवा काखेत अचानक रेषा उमटल्या, तर तिथे आधी कोणते मलम लावले होते ते आठवा. नायट्यासाठी दुकानातून आणलेल्या मिश्र मलमांत अनेकदा बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल यांसारखे तीव्र स्टेरॉइड असते. नाजूक जागी ते आठवडेच्या आठवडे लावल्याने त्वचा पातळ होऊन अशा रेषा पडतात आणि नायटाही पसरतो. असे मलम डॉक्टरांना दाखवून बंद करावे. मात्र एखाद्या आजारासाठी पोटात घ्यायला दिलेले स्टेरॉइड स्वतःहून एकदम कधीही थांबवू नये.

दुसरी पायरी: गरोदरपणात क्रीमकडून काय अपेक्षा ठेवायची, ते ठरवा

रेषा पडतील की नाही, यात मोठा वाटा आनुवंशिकतेचा असतो. आईला किंवा बहिणीला पडल्या असतील, तर आपल्याला पडण्याची शक्यता वाढते. कमी वयातील गरोदरपण, आधीपासून जास्त असलेले वजन, झपाट्याने वाढलेले वजन आणि बाळाचा आकार यांचाही परिणाम होतो. यांपैकी आपल्या हातात फार थोडे असते: डॉक्टरांनी सांगितलेल्या मर्यादेत वजन हळूहळू वाढू देणे. रेषांच्या भीतीने जेवण कमी करणे बाळासाठी घातक आहे.

क्रीमच्या मर्यादेचे कारण त्वचेच्या रचनेतच आहे. बाह्यत्वचेचा सर्वांत वरचा थर बाहेरच्या गोष्टी आत येऊ नयेत यासाठीच बनलेला आहे, आणि कोलॅजेनसारखा प्रचंड मोठा रेणू त्यातून पार होत नाही. म्हणजे कोलॅजेनचे क्रीम लावले, तरी ते कोलॅजेन वरच्यावर राहते आणि उसवलेल्या विणीपर्यंत पोहोचत नाही. गरोदरपणातील क्रीम आणि तेलांच्या चाचण्यांचा एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सहा चाचण्या आणि सुमारे ८०० स्त्रियांची माहिती होती, आणि क्रीम लावणाऱ्यांत व न लावणाऱ्यांत रेषा पडण्याच्या प्रमाणात ठोस फरक आढळला नाही. कोको बटर आणि ऑलिव्ह तेल यांच्या स्वतंत्र चाचण्यांतही असेच दिसले.

तरीही साधे, सुगंध नसलेले मॉइश्चरायझर जरूर लावावे, कारण कोरडेपणा आणि खाज त्याने खरोखर कमी होते. आंघोळीनंतर त्वचा किंचित ओलसर असतानाच ते हलक्या हाताने पसरावे. महागड्या डबीतून याहून जास्त काही मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. उलट सुगंधी तेलांनी ताणलेल्या त्वचेला पुरळ येऊ शकते.

खाजेचे दोन प्रकार मात्र वेगळे ओळखावेत. शेवटच्या महिन्यांत रेषांवरच लाल, उंचवट्याचे पुरळ उठून ते पोटभर आणि मांड्यांवर पसरले, पण बेंबीभोवतीची जागा मोकळी राहिली, तर तो गरोदरपणातील एक ओळखीचा विकार असतो. तो बाळाला अपाय करत नाही, पण औषध डॉक्टरांकडूनच घ्यावे. पुरळ नसताना तळहात आणि तळपाय रात्री विशेष खाजत असतील, तर त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांना कळवावे. यकृतातून पित्त नीट न वाहिल्याने असे होऊ शकते, त्यासाठी रक्ताची तपासणी लागते आणि त्याचा बाळाला धोका असू शकतो.

तिसरी पायरी: अर्ध्या पोटावर चाचणी घ्या

बाळंतपणानंतर सहा महिने ते वर्षभरात रेषा बहुधा आपोआपच फिकट होतात, आणि या काळात जे क्रीम हाताशी असेल त्याला श्रेय मिळते. आपल्या क्रीमची खरी परीक्षा घरीच घेता येते. बेंबीच्या डाव्या आणि उजव्या बाजूची, जवळजवळ सारखी दिसणारी एकेक रेषा निवडा. समजा, दोन्ही सहा सेंटिमीटर लांब आणि पाच मिलिमीटर रुंद आहेत. पट्टी शेजारी धरून, एकाच खिडकीच्या उजेडात आणि एकाच अंतरावरून दोन्हींचे छायाचित्र घ्या. बारा आठवडे क्रीम फक्त उजव्या बाजूला लावा आणि दर चार आठवड्यांनी तसेच छायाचित्र काढा. शेवटी दोन्ही रेषा चार मिलिमीटरवर आल्या असतील आणि दोन्ही सारख्याच फिकट झाल्या असतील, तर उजवीकडे जे झाले ते क्रीमशिवायही झाले असते. दोन्हीकडे क्रीम लावले असते, तर हे कधीच कळले नसते.

चौथी पायरी: रेषा लाल असतानाच उपचाराचा निर्णय घ्या

नव्या रेषांवर थोडाफार परिणाम दाखवलेले लावण्याचे औषध म्हणजे ट्रेटिनॉइन. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या चाचणीत ०.१ टक्का ट्रेटिनॉइन क्रीम २४ आठवडे लावल्यावर नव्या रेषांची लांबी सरासरी १४ टक्के आणि रुंदी ८ टक्के घटली. हिशेब करून पाहा: दहा सेंटिमीटरची रेषा ८.६ सेंटिमीटर होईल आणि पाच मिलिमीटरची रुंदी ४.६ मिलिमीटर. फरक मोजपट्टीवर दिसेल, आरशात कदाचित फारसा नाही. हे औषध गरोदरपणात वापरू नये. अंगावर पाजत असतानाही ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. त्वचा लाल होणे, सोलणे आणि उन्हाने पटकन पोळणे हे त्याचे नेहमीचे त्रास आहेत.

लाल रंग लवकर उतरावा असे वाटत असेल, तर रक्तवाहिन्यांवर काम करणारा लेसर याच अवस्थेत उपयोगी पडतो. पण रंग पुढे आपोआपही उतरणार आहे, म्हणून हा खर्च करावा की वाट पाहावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. मला बहुतेकांसाठी वाट पाहणे योग्य वाटते.

पाचवी पायरी: पांढऱ्या रेषेवर क्रीम थांबवा

रेषा पांढरी झाली की सूज संपलेली असते आणि क्रीमला करण्यासारखे काही उरत नाही. फ्रॅक्शनल लेसर किंवा बारीक सुयांचा मायक्रोनीडलिंग उपचार अंतस्त्वचेत सूक्ष्म जखमा करून नवे कोलॅजेन तयार व्हायला भाग पाडतो. काही आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. रेषा अरुंद आणि कमी खोलगट होते, पण पुसली जात नाही. सावळ्या त्वचेवर उपचाराच्या जागी काळसर डाग पडण्याचा धोका असतो, म्हणून त्वचारोगतज्ज्ञांना आधी झाकलेल्या जागी एका लहानशा रेषेवर प्रयोग करायला सांगावे आणि डाग पडतो का, हे काही आठवडे पाहूनच पुढची बैठक ठरवावी. त्वचा उन्हात रापवून रेषा लपवण्याचा प्रयत्न उलटतो, कारण पांढऱ्या रेषेत रंग देणाऱ्या पेशींचे काम मंदावलेले असते. आजूबाजूची त्वचा काळवंडते आणि रेषा आधीपेक्षा उठून दिसते. एखाद्या दिवसापुरती ती झाकायची असेल, तर त्वचेच्या रंगाशी जुळणारे, पाण्याने न उतरणारे कन्सीलर पुरते.