ठरलेला इंटरव्ह्यू पुढे ढकलायचा मेल कसा लिहावा

माझी मावसबहीण कळव्याला राहते आणि वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्याच्या अकाउंट्समध्ये काम करते. ऐरोलीच्या एका कंपनीने तिला बुधवार, 18 तारखेला सकाळी 11 ची वेळ दिली होती आणि तिने होकारही कळवला होता. सोमवारी दुपारी 4 वाजता साहेब येऊन म्हणाले, "ऑडिटर शुक्रवारऐवजी बुधवारीच येतायत." स्टॉकची सगळी रजिस्टरं हिच्याकडे, म्हणजे सुट्टीचा विषयच संपला. तिने मेल लिहिला आणि पाठवण्याआधी मला दाखवला, कारण मी नऊ वर्षं ऐरोली-महापे पट्ट्यात भरतीचंच काम करते.

तिने लिहिलं होतं: "काही अपरिहार्य कारणास्तव बुधवारी येणे शक्य होणार नाही. तरी कृपया दुसरी वेळ द्यावी ही विनंती. तसदीबद्दल क्षमस्व."

यात उद्धट काहीच नाही. पण जे उमेदवार नंतर फोनही उचलत नाहीत, त्यांचे मेल अगदी असेच असतात. "शक्य होणार नाही" वाचलं की आमच्या डोक्यात पहिला शब्द येतो तो "ड्रॉप". दुसरी वेळ शोधायची म्हणजे पॅनेलमधल्या दोघातिघांची कॅलेंडरं पुन्हा जुळवायची, मीटिंग रूम बघायची. एवढी खटपट कोणासाठी करावी, हे त्या तीन ओळींवरून कळत नाही. "मी खूप उत्सुक आहे" असं लिहूनही कळत नाही, कारण ते सगळेच लिहितात. उमेदवाराने आमचं काम किती कमी करून ठेवलंय, त्यावरून मात्र लगेच कळतं.

आता क्रमाने बघू.

सगळ्यात आधी, कॅलेंडरच्या आमंत्रणावर "No" दाबू नका. ते दाबलं की समोर फक्त नकार दिसतो, कारण दिसत नाही. आणि तुमचा मेल येईपर्यंत कोणीतरी तुमची वेळ दुसऱ्याला देऊन मोकळं होतं. "Propose new time" असं बटण असलं तरी आधी मेल पाठवा. पॅनेलच्या लोकांना तुम्ही परस्पर वेळ सुचवलेली अनेक ठिकाणी आवडत नाही, ते काम भरती बघणाऱ्या माणसाचं असतं.

मेल त्याच धाग्यात लिहा, जिथे तुम्ही होकार कळवला होता. विषयाची ओळ बदलू नका. जीमेलमध्ये ती बदलली की नवा धागा सुरू होतो आणि तुमची जुनी माहिती मागे राहते. आमंत्रण एखाद्या सिस्टिमच्या पत्त्यावरून आलं असेल, तर त्याला उत्तर देऊन उपयोग नाही. ज्या माणसाशी फोनवर बोललात त्याचा पत्ता शोधा. आणि हे सगळं स्वतःच्या मेलवरून, स्वतःच्या फोनवर. ऑफिसच्या लॅपटॉपवर हे करणारे महाभाग मी पाहिलेत.

कारण एका ओळीत आणि खरं लिहा. "अपरिहार्य कारण" म्हणजे कारण न सांगणं. आजारपणाची थाप तर नकोच, कारण पुढच्या फोनवर कोणीतरी आपुलकीने तब्येत विचारतं आणि मग अडखळायला होतं. त्याच वेळी दुसऱ्या कंपनीचा इंटरव्ह्यू असेल तर "आधी ठरलेलं एक काम आहे, ते लक्षात न घेता मी होकार दिला, चूक माझी" एवढं पुरतं. हल्लीच्या ऑफिसचं काम असेल तर कामाचा प्रकार सांगा, आतल्या गोष्टी नकोत.

मग पर्यायी वेळा, आणि इथे घाई करू नका. "तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा कधीही" हे नम्र वाटतं, पण त्याने सगळं काम परत समोरच्याच्या गळ्यात पडतं. शिवाय ते देतील ती वेळ पुन्हा तुम्हालाच अडचणीची निघते, आणि दुसऱ्यांदा बदल मागितला की विषय बहुतेक संपतोच. तीन वेळा द्या, वार आणि तारखेसह, आणि प्रत्येक वेळ म्हणजे दोन-तीन तासांचा पट्टा असू द्या. त्यातली एक शक्यतो मूळ वेळेच्या आधीची असावी. पुढे ढकलणारे पुष्कळ असतात, अलीकडे ओढणारा क्वचित भेटतो; तुमची इच्छा त्या एका ओळीत दिसते.

बहिणीने मंगळवार संध्याकाळ, गुरुवार सकाळ आणि शुक्रवार लिहिलं. मी म्हटलं, "अगं, शुक्रवारी 20 तारीख. 3बी कोण भरणार?" जीएसटीचा तो मासिक रिटर्न 20 तारखेपर्यंत जायला लागतो, आणि तिच्याकडे तो कायम शेवटच्या दिवशीच जातो. "ताई, विसरलेच!" शुक्रवार गेला, सोमवार आला. वेळा लिहिताना आपलं कॅलेंडर आणि ठाण्याहून पोचायला लागणारा वेळ, दोन्ही समोर हवं.

शेवटी मेल असा झाला (तुमचा इंग्रजीत जाणार असेल तरी मांडणी हीच ठेवा):

"नमस्कार मॅडम,
बुधवार, 18 तारखेच्या सकाळी 11 च्या इंटरव्ह्यूची वेळ बदलून मिळेल का, हे विचारण्यासाठी लिहीत आहे. आमच्याकडच्या ऑडिटची तारीख आजच बदलून त्याच दिवशी आली आहे आणि त्या वेळी माझं तिथे असणं गरजेचं आहे.
मला या वेळांना ऐरोलीला येता येईल:
मंगळवार 17, संध्याकाळी 5:30 नंतर
गुरुवार 19, सकाळी 10 ते 1
सोमवार 23, दुपारी 2 ते 5
फोनवर आपण बँक रिकन्सिलिएशन नव्या सिस्टिममध्ये नेण्याबद्दल बोललात. तसं काम मी इथे गेल्या वर्षी केलं आहे, त्याबद्दल पॅनेलशी बोलायचं आहे.
ऐनवेळी होणाऱ्या त्रासाबद्दल क्षमस्व."

खाली नाव, फोन नंबर आणि पदाचं नाव. माफी एकदाच. उत्साह दाखवायला ती रिकन्सिलिएशनची ओळ पुरे, कारण ती दुसऱ्या कुठल्याच कंपनीला पाठवता येणार नाही. "जमत नसेल तर ठरल्या वेळी येईन" ही ओळ आम्हाला फार आवडते, पण खरंच येता येणार असेल तरच लिहा. बहिणीला येता येणार नव्हतं, म्हणून तिने लिहिली नाही.

मेल संध्याकाळी 5 च्या आत गेला. इंटरव्ह्यूला 24 तासांहून कमी वेळ उरला असेल तर आधी फोन करा, मेल त्यानंतर. मेल पाठवला म्हणजे वेळ बदलली असं नाही. समोरून उत्तर येईपर्यंत जुनीच वेळ कायम असते. हिला मंगळवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. मग तिने फोन केला तेव्हा कळलं की मॅडम रजेवर होत्या आणि मेल कोणी उघडलाच नव्हता. नुसती वाट बघत बसली असती, तर बुधवारी 11 वाजता तिच्या नावापुढे "आली नाही" लागलं असतं.

गुरुवारी 12 ची वेळ मिळाली. तिने त्याच धाग्यात एका ओळीत होकार दिला आणि बुधवारचं आमंत्रण काढलं गेलंय ना ते पाहिलं. गेटपासचं मात्र मी आठवण केल्यावर विचारलं. आयटी पार्कांत पाहुण्याचा पास बहुधा त्या दिवसापुरताच निघतो, आणि तिचा बुधवारचाच पडून होता.