स्वागताची पोस्ट लिहायला मी तिची फाइल उघडली, तिथंच चुकलं

भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात मी एचआर बघते. हजेरी, पगार, पीएफ आणि उरलेल्या वेळात कंपनीचं लिंक्डइनचं पान. तुम्हीही असंच अंगावर येऊन पडलेलं पान सांभाळत असाल, तर माझी एक चूक ऐकून ठेवा.

क्वालिटीत एक बाई नव्यानं रुजू झाल्या. 'आमच्या परिवारात स्वागत' आणि 'डायनॅमिक प्रोफेशनल'चा मला वीट आला होता. काहीतरी आपुलकीचं लिहू म्हणून त्यांचा बायोडेटा आणि मुलाखतीतली माझी टिपणं काढली आणि लिहिलं, 'घरच्या जबाबदारीमुळे तीन वर्षं थांबून त्या जिद्दीनं परत येत आहेत.' लाइक भरपूर आले. दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलापाशी येऊन हळूच म्हणाल्या, "मॅडम, ते मी तुम्हाला सांगितलं होतं. सगळ्यांना नव्हतं."

मी पोस्ट काढली, पण कॅन्टीनमध्ये 'घरी काय झालं होतं?' हे विचारून झालं होतं. पोस्ट काढता येते, वाचलेलं काढता येत नाही. आणि 'नको' म्हणणं त्यांना शक्यच नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तरी पहिल्या आठवड्यात एचआरला नाही कोण म्हणतं? म्हणून आता मी 'चालेल ना?' असं विचारत नाही. मसुदा हातात देते आणि म्हणते, "यातली दोन वाक्यं तरी खोडा." मग माणूस खरंच खोडतो. लग्न, मूल, गाव, आजारपण, नोकरीतला खंड हे त्यांनी स्वतःहून घालायला सांगितलं तरच. फाइलमधली माहिती नोकरीसाठी दिलेली असते, पोस्टसाठी नाही.

मग आपुलकी आणायची कुठून? कामातून. दहा मिनिटं चहाला बसा आणि एकच विचारा, "कुठली अडचण आली की लोक तुम्हाला हाक मारायचे?" त्या बाई आधी "काही खास नाही हो" म्हणाल्या. हे सगळेच म्हणतात, घाबरू नका, गप्प बसा. मग त्यांनी सांगितलं की आधीच्या ठिकाणी एक पार्ट इथे पास व्हायचा आणि ग्राहकाकडे रिजेक्ट. सगळे मशीनला दोष देत होते. यांनी ड्रॉइंग काढून पाहिलं, तर दोघं वेगवेगळ्या पृष्ठभागावरून माप घेत होते. माप जिथून धरायचं तो डेटमच वेगळा.

हे जसंच्या तसं लिहायचं नाही, जुन्या कंपनीची रिजेक्शन आपण कशाला मांडायची? सवय तेवढी उचलायची. दुसरी पोस्ट अशी झाली, पहिल्या ओळीत अर्थात त्यांचं नाव: 'दोन ठिकाणची मापं जुळेनात, तर या आधी विचारतात, डेटम कुठला धरलाय? सोमवारपासून सीएमएम विभागात आहेत. पहिला महिना आपल्या तपासणी तक्त्यांवर बसणार आहेत. ड्रॉइंगबद्दल शंका असेल तर त्यांना गाठा.' बस. फोनवर लांब पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, त्यामुळे 'कळवण्यास आनंद होतो' यात त्या घालवू नका. कमेंटमध्ये आमच्या टूलरूमच्या काकांनी लिहिलं, 'उद्याच येतो, एक भांडण आहे.' पहिल्या पोस्टवरच्या सगळ्या लाइकपेक्षा मला ते जास्त वाटलं.

माझं ठाम मत: नाव आणि फोटो बदलून चालवायचा तयार साचा फेकून द्या. मला तो देणारे साहेब म्हणायचे, "एकसारखं दिसलं पाहिजे." रंग दिसू द्या एकसारखे, वाक्यं कशाला? खात्री करायची असेल तर पोस्टमधलं नाव झाका. मागच्या महिन्यात आलेल्या माणसालाही ती लागू पडत असेल तर पुन्हा चहाला बसा.

फोटो मशीनजवळ काढलात तर टेबलावर ग्राहकाचं ड्रॉइंग पसरलेलं नाही ना, ते बघा. जुन्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर हातात पडेपर्यंत थांबा, आठवडाभर उशीर झाला म्हणून स्वागत शिळं होत नाही. आणि पोस्ट टाकायच्या आधी नव्या माणसाला एक नक्की सांगा: 'मी एमडी बोलतोय, मीटिंगमध्ये आहे, गिफ्ट कार्ड घेऊन कोड पाठव' असा व्हॉट्सॲप आला तर तो साहेबांचा नाही. असले लोक नव्यानं रुजू झालेल्यांच्या पोस्टवर टपून असतात, कारण नव्या माणसाला साहेबांचा नंबर पाठ नसतो आणि नाही म्हणायची हिंमतही नसते. आमच्याकडे मी तो नंबर पहिल्याच दिवशी त्यांच्या फोनमध्ये सेव्ह करून देते.