दिव्याचा सिलिंग फॅन: दोन स्विचची जोडणी

आयटीआय करून नुकतेच कामाला लागलेले वायरमन दिव्याच्या पंख्याशी हमखास अडखळतात. कारण साधं आहे. आपल्याकडच्या जुन्या फ्लॅटमध्ये हुकापाशी दोनच वायर आलेल्या असतात, रेग्युलेटरमधून आलेली फेज आणि न्यूट्रल. पंख्याला तेवढं पुरतं. दिवा वेगळ्या स्विचवर हवा असेल तर त्याला स्वतःची फेज लागते, आणि ती रेग्युलेटरच्या वाटेला जाता कामा नये.

घाई असली की पंख्याची आणि दिव्याची फेज वरच्या कपात एकत्र पिळून टाकायचा मोह होतो. दिवा लागतोही. पण पंखा एक नंबरवर आणला की दिव्याला पूर्ण 230 व्होल्ट मिळत नाहीत. एलईडी फडफडते आणि तिचा ड्रायव्हर लवकर जातो. दुसरी पळवाट याहून वाईट, पाईपमध्ये कुठे हिरवी वायर असलीच तर ती दिव्याची फेज म्हणून वापरायची. उद्या कोणीतरी तीच वायर अर्थिंग समजून पंख्याच्या बॉडीला लावेल. हे कुणी सुचवलं तरी करू नका.

तेव्हा वायर ओढण्याला पर्याय नाही. एक नेहमीची खोली धरू. बोर्ड जमिनीपासून सव्वा मीटरवर, छत 2.9 मीटरवर, भिंतीपासून हुक अडीच मीटरवर. सरळ अंतर सव्वाचार मीटरच्या आसपास भरतं. पण पाईप स्लॅबमधून कसा वळलाय ते दिसत नाही आणि दोन्ही टोकांना हातात वायर उरायला हवी, म्हणून 6 मीटर धरा. आम्ही एकटी तिसरी वायर ढकलत बसत नाही. जुन्या न्यूट्रलच्या टोकाला चार नव्या वायर बांधून सगळा संच एकदम ओढतो: पंख्याच्या फेजला लाल, दिव्याच्या फेजला पिवळी, न्यूट्रलला काळी, अर्थिंगला हिरवी. दीड स्क्वेअर एमएमची तांब्याची एफआर वायर प्रत्येकी 6 मीटर, म्हणजे एकूण 24 मीटर. एवढ्यासाठी 90 मीटरची चार बंडलं घेऊ नका, दुकानात मीटरवर सुटी मिळते. बांधलेली गाठ टेपने निमुळती करा, नाहीतर पहिल्याच वळणावर अडकते. जुनी लाल वायर आत राहू द्या, गाठ तुटली तर दुसऱ्या खेपेला तीच कामी येते. चार वायर पोचल्या की मग तिला काढा.

पाईपमध्ये सिमेंटची स्लरी शिरून घट्ट झाली असेल तर जोर लावून काही होत नाही. मग बाहेरून केसिंग-कॅपिंग करायचं, किंवा कपात बसणारा रिमोटचा रिसीव्हर लावायचा. रिसीव्हर त्या पंख्याच्या मोटरला चालणारा आहे का ते आधी पाहा. त्याला दोन वायर पुरतात, पण भिंतीवरचा रेग्युलेटर काढून फेज सरळ करावी लागते. आणि मग दोन स्विच मिळत नाहीत, दोन बटणं मिळतात. गिऱ्हाइकाला हे आधीच सांगा.

बोर्डात दिव्याच्या स्विचला फेज कुठून घ्यायची, हे पाहून ठरवा. पंख्याच्या स्विचला जी फेज आली आहे तिच्यावरूनच लूप मारा. कपात न्यूट्रल एकच आहे, म्हणून दोन्ही फेज एकाच एमसीबीच्या हव्यात. शेजारची फेज दुसऱ्या सर्किटची किंवा इन्व्हर्टरची निघाली, तर एक एमसीबी पाडूनही कपात वीज शिल्लक राहते. सर्किटगणिक वेगळा आरसीसीबी असेल तर दिवा लावताच तो पडतो, कारण एका सर्किटमधून गेलेला करंट दुसऱ्याच्या न्यूट्रलने परत येतो. अशा वेळी आरसीसीबी बदलून उपयोग नाही, लूप बदला.

आता खरी गोम, रंगांची. बाहेरच्या देशातल्या रंगपद्धतीने बनलेल्या अनेक पंख्यांत काळी वायर मोटरची फेज, निळी दिव्याची फेज, पांढरी न्यूट्रल आणि हिरवी अर्थिंग असते. आपल्या हाताला सवय काळी म्हणजे न्यूट्रल. सवयीने काळीला काळी जोडली, लाल पांढरीला आणि पिवळी निळीला गेली, तर पंखा अगदी छान चालतो आणि म्हणूनच चूक लक्षात येत नाही. पण दिव्याची दोन्ही टोकं आता फेजवर आहेत. पंखा फुल स्पीडला असेल तर दिवा विझतो, हळू केला तर मिणमिणतो. पंखा बंद करून नुसता दिवा लावला तर करंट मोटरमधून जातो, मग दिवा नीट लागत नाही आणि कधी मोटर घुमते. पंखा चालू केल्यावर दिवा गेला, अशी तक्रार आली की रेग्युलेटर उघडू नका, आधी कप खाली करा.

रंगावर विसंबण्यापेक्षा मल्टिमीटर बरा. पंखा टांगण्यापूर्वी, जमिनीवरच, बल्ब काढा आणि कंटिन्युइटीवर एक टोक होल्डरच्या मधल्या संपर्काला लावा. बीप देणारी वायर दिव्याची फेज. पिनचा होल्डर असेल तर दोन्ही संपर्क तपासा. तिथे बीप देणाऱ्या वायरपैकी एक दिव्याची फेज, दुसरी न्यूट्रल. त्या दोहोंपैकी जिच्यापासून मोटरच्या वायरपर्यंत ओहममध्ये स्थिर आकडा येतो ती न्यूट्रल. एलईडी पॅनल आतच बसवलेलं असेल तर हा उपाय चालत नाही, तिथे कंपनीचा आकृतीचा कागदच पाहा. साध्या पंख्याच्या मोटरमधूनही तीन वायर निघतात, पण त्यातली एक कपॅसिटरकडे जाणारी स्टार्टिंगची असते. तिला दिव्याची समजू नका.

जोडताना मेन एमसीबी पाडा, टेस्टरने प्रत्येक वायर तपासा. टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो चालतोय याची खात्री करा. लाल मोटरच्या फेजला, पिवळी दिव्याच्या फेजला, काळी सामाईक न्यूट्रलला, हिरवी बॉडीला. पिळून टेप मारण्यापेक्षा स्क्रूचा कनेक्टर वापरा आणि प्रत्येक वायर ओढून पाहा. पंखा थरथरतो, ढिला जॉइंट तापतो.

कप वर चढवण्याआधी एक चाचणी. दिवा चालू ठेवून पंखा एकपासून पाचपर्यंत फिरवा. प्रकाश जराही हलता कामा नये. मग पंखा चालू, दिवा बंद, खोलीत अंधार करा. एलईडी मंद चमकत असेल तर आधी स्विच फेजवर आहे की न्यूट्रलवर ते बघा. फेजवरच असेल तर स्विचमध्ये इंडिकेटरचा बारका दिवा आहे का पाहा. तोही नसेल, तर शेजारून गेलेल्या लाल वायरचा प्रभाव असतो. पिवळ्या वायरवर मीटर 50-60 व्होल्ट दाखवतो, साधा फिलामेंटचा बल्ब लावला की ते गायब होतात. त्या चमकेने काही बिघडत नाही, पण गिऱ्हाईक रात्री फोन करतं. दुसऱ्या ड्रायव्हरचा बल्ब लावून पाहा, बहुतेक वेळा तेवढ्यावर भागतं.