पत्रिका जुळवताना या चुका टाळा: जोडपं एक, निकाल दोन

बेळगाव भागात दोन ज्योतिषांचं जमलं नाही की खापर ठरलेलं: "त्यांची कानडी पद्धत, आपली मराठी." मराठी कुंडलीत स्थानांच्या जागा पक्क्या असतात, दक्षिणी चौकटीत राशींच्या, म्हणून कागद वेगळा दिसतो. चंद्र मात्र दोन्हीकडे निरयनच, म्हणजे ताऱ्यांच्या आधाराने मांडतात. घोळ सहसा मोबाईलमधल्या ॲपमध्ये असतो.

खानापूरकडचं एक स्थळ असंच अडलं होतं. गावच्या गुरुजींनी मुलाचं नक्षत्र अश्विनी आणि मुलीचं भरणी काढलं होतं. दोघांची रास मेष, म्हणून भकूटाचे, म्हणजे राशींच्या मेळाचे, ७ गुण मिळाले. नाडी आद्य आणि मध्य, म्हणजे वेगळी, तिचे ८. मुलीच्या निपाणीच्या मामांनी शहरातल्या एका ज्योतिषाला दाखवलं, तर त्याने सांगितलं, एकनाड आहे, सोडून द्या.

दोघांचे कागद शेजारी ठेवले. गुरुजींच्या कागदावर मुलाचा चंद्र मेषेच्या ५ अंशांवर होता आणि मुलीचा २० वर. दुसऱ्या कागदावर मुलगा मेषेच्या २९ अंशांवर आणि मुलगी वृषभेच्या १४ वर. फरक सरळ २४ अंशांचा! शहरातल्या ज्योतिषाच्या ॲपमध्ये सायन राशिचक्र निवडलेलं होतं. सायन गणना वसंतसंपातापासून सुरू होते, निरयन ताऱ्यांच्या आधाराने, आणि आज दोन्हींत सुमारे २४ अंशांचं अंतर पडलंय. नक्षत्र असतं १३ अंश २० कलांचं, त्यामुळे चंद्र जवळजवळ दोन नक्षत्रं पुढे सरकतो. मुलगा कृत्तिकेत गेला, मुलगी रोहिणीत, आणि दोघांची नाडी अंत्य झाली. राशी मेष-वृषभ, एकमेकींपासून दुसरी आणि बारावी, म्हणजे द्विर्द्वादश, म्हणून भकूटही शून्य. या दोन कूटांतच १५ गुण गेले.

सायन पद्धत खोटी आहे असं मी म्हणत नाही. पण छत्तीस गुणांचं कोष्टक निरयन नक्षत्रांवर बसवलेलं आहे. त्यात सायन चंद्र घालून आलेल्या आकड्याला मी किंमत देत नाही.

माझी सवय सांगतो. अनोळखी ॲपमध्ये आधी १० जानेवारीचा जन्म टाकून बघा. सूर्य धनूत आला तर निरयन, मकरेत आला तर सायन. संक्रांत १४ च्या सुमारास येते, एवढं आठवलं तरी पुरे. मग सेटिंगमध्ये Ayanamsa, म्हणजे सायन-निरयनमधल्या अंतराचा पर्याय शोधा आणि तिथे Lahiri ठेवा.

दोघेही निरयनवाले असून भांडत असतील तर पंचांग विचारा. टिळक पंचांगाचा अयनांश दात्यांच्या पंचांगाहून सुमारे चार अंशांनी कमी असतो. चंद्र नक्षत्राच्या शेवटच्या चार अंशांत असेल तर तिथे तो पुढच्या नक्षत्रात दिसतो. अशा वेळी दोघांच्याही पत्रिका एकाच पंचांगाने काढून घ्या.

इंग्रजी मासिकातली रास सायन सूर्याची असते. ती घेऊन गुण बघायला येऊ नका.

आणि "किती गुण?" एवढंच विचारून फोन ठेवणाऱ्यांना मी हल्ली आकडा सांगतच नाही. आधी दोघांचे चंद्राचे अंश पाठवा.