आठवीचं भाषांतर : शेवटचा शब्द उचलून मध्ये ठेवला की झालं, असं नाही

दरवर्षी जूनमध्ये आठवीच्या वर्गात मी एकच वाक्य फळ्यावर लिहिते : 'सापाला मुंगसाने मारले.' इंग्रजीत करा, म्हणते. अर्ध्याहून जास्त वह्यांत उत्तर येतं, 'द स्नेक किल्ड द मंगूस.' मेलेल्या सापानेच मुंगूस मारलं!

मुलं हुशार असतात, चूक त्यांना शिकवलेल्या सूत्राची असते. 'मराठीतला शेवटचा शब्द उचला, पहिल्या शब्दानंतर ठेवा, बाकीचं तसंच लिहा.' मराठीत कर्ता-कर्म-क्रियापद आणि इंग्रजीत कर्ता-क्रियापद-कर्म असा क्रम असतो, हे खरंच. 'मुंगसाने सापाला मारले' असं वाक्य असेल, तर सूत्र चालतंही. पण मराठीत पहिला शब्द कर्ताच असेल याची काहीच खात्री नसते. कोणी मारलं हे 'ने' सांगतो, कोणाला मारलं हे 'ला' सांगतो. इंग्रजीत मुंगसाला असा प्रत्यय लागत नाही. तिथे क्रियापदाच्या आधीची जागाच 'ने'चं काम करते.

एका वर्षी सहामाहीत हेच वाक्य आलं. शिकवणीला जाणाऱ्या एका मुलाने दोन मिनिटांत पेपरातली दहा वाक्यं सूत्राने उरकली आणि त्यातली सहा उलटी पडली. 'बाई, मी नियम पाळला की,' म्हणत तो रडवेला झाला. तेव्हापासून मी वर्गात चिठ्ठ्या करते. 'सापाला', 'मुंगसाने', 'मारले' या तीन चिठ्ठ्या कशाही फिरवा, सहाही क्रमांत मेला सापच. मग 'द स्नेक', 'किल्ड', 'द मंगूस' फिरवायला देते. दोनच मांडण्या धड वाक्य म्हणून उभ्या राहतात आणि दोन्हींत मरणारा वेगळा. हे एकदा हाताने केलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

माझी सवय साधी आहे. आधी क्रियापदाखाली रेघ मारायची. मग त्यालाच विचारायचं : कोणी? कोणाला किंवा काय? ही उत्तरं पेन्सिलीने शब्दांवर लिहायची आणि मगच इंग्रजीचा पहिला शब्द लिहायचा. प्रत्यय नसेल तर क्रियापदाचं रूप बघायचं. 'उंदीर मांजर खाते' यात 'खाते' आहे, 'खातो' नाही, म्हणून खाणारी मांजरच. मुलं म्हणतात वेळ जातो. जाऊ दे! सापाला पुढे का आणलं, हाही प्रश्न आहेच. बोलणं सापाबद्दलच चाललं असेल, तर 'द स्नेक वॉज किल्ड बाय द मंगूस' हे जास्त जवळचं भाषांतर, आणि मी त्याला पूर्ण गुण देते.

आता याच्यावरचा शॉर्टकट : 'ला' दिसला की कर्म. यानेही घात होतो. 'मला आंबा आवडतो' याचं 'मँगो लाइक्स मी' झालेलं मी वाचलंय. आवडणं, ताप येणं, भाऊ असणं अशा ठिकाणी मराठीत 'मला' येतं, तर इंग्रजीत तिथे 'आय' बसतो : 'आय लाइक मँगोज', 'आय हॅव अ फीवर', 'आय हॅव टू ब्रदर्स'.

दुसरी चूक लांब वाक्यांची. 'देवळासमोरच्या वडाखाली बसलेल्या म्हाताऱ्याने मला हाक मारली.' सूत्रवाली मुलं 'टेंपल इन फ्रंट ऑफ' लिहून अडकतात. मराठीत माणसाचं सगळं वर्णन त्याच्या आधी येतं आणि 'समोर', 'खाली' नामाच्या मागे चिकटतात. इंग्रजीत हे आरशातल्यासारखं उलटं होतं. म्हणून मी 'म्हातारा' या शब्दावर बोट ठेवायला लावते आणि तिथून मागे मागे वाचायला सांगते : म्हातारा, बसलेला, खाली, वड, समोर, देऊळ. आता हेच इंग्रजीत : 'द ओल्ड मॅन सिटिंग अंडर द बनियन ट्री इन फ्रंट ऑफ द टेंपल'. उरलेलं 'कॉल्ड आउट टू मी' शेवटी लागतं. मात्र साधी विशेषणं उलटवू नका. 'ओल्ड' दोन्ही भाषांत माणसाच्या आधीच राहतो.

'काल आलो' यात 'मी' नसला तरी इंग्रजीत 'आय' लिहायचाच, बोलणारा स्वतःच आलाय हे 'आलो'मधला 'ओ' सांगतो.

'उद्या पुण्याला' हे सहसा 'टू पुणे टुमॉरो' होतं.

प्रश्नात 'कुठे' मध्ये असला तरी 'व्हेअर' सुरुवातीला, आणि त्यामागे 'डू' किंवा 'आर' विसरायचं नाही : 'तू कुठे राहतोस?' म्हणजे 'व्हेअर डू यू लिव्ह?'

लिहून झालं की माझ्या वर्गात वही शेजाऱ्याला देतात. त्याने मूळ वाक्य न बघता इंग्रजीचं पुन्हा मराठी करायचं. साप जिवंत निघाला, तर पेन्सिल घेऊन पुन्हा क्रियापदापासून सुरुवात.