अनोळखी कंपनीला पहिला मेल पाठवण्याआधी: स्वतंत्र सल्लागारासाठी तयारीची यादी

मेल लिहायला बसण्याआधी कागदावर एक वाक्य लिहून पाहा: "या कंपनीत अमुक माणसाला अमुक गोष्टीचा त्रास होतोय, आणि तो त्रास मला अमुक ठिकाणी दिसला." तिन्ही जागा भरता येत नसतील तर मेलची वेळ अजून आलेली नाही. मधली जागा बहुतेकांना भरता येते. अडतं ते तिसऱ्या जागेपाशी, कारण तिथे अंदाज चालत नाही, पुरावा लागतो.

पुरावा कसा जमवायचा ते एका उदाहरणावरून पाहू. सल्लागार सुट्या भागांच्या साठ्याचं काम करतो आणि समोर पंप बनवणारी एक मध्यम आकाराची कंपनी आहे. बाहेरच्या माणसाला दिसतील अशा तीन जागा तपासायच्या. पहिली, कंपनीच्या साइटवरचं सुट्या भागांचं पान. ते आठवड्याच्या अंतराने तीनदा उघडायचं आणि कोणता भाग "स्टॉकमध्ये नाही" ते तारखेसह टिपून ठेवायचं. एकदाच पाहिलं तर तो योगायोग असू शकतो. दुसरी जागा म्हणजे ग्राहकांचे अभिप्राय, पण गेल्या चार-सहा महिन्यांतलेच. दोन वर्षांपूर्वीची तक्रार उकरून काढली की समोरचा "ते केव्हाच निस्तरलं" म्हणून मेल बंद करतो. तिसरी जागा नोकरीच्या जाहिराती, आणि तिच्याकडे सगळ्यांत कमी लोक बघतात. समजा, सर्व्हिस को-ऑर्डिनेटरच्या जाहिरातीत पहिलं काम "ग्राहकांना भाग कधी मिळेल ते कळवणे" असं आहे. म्हणजे भाग वेळेवर येण्याची व्यवस्था करण्याऐवजी, तो का आला नाही हे सांगायला कंपनी माणूस नेमते आहे. दुखणं तिने स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवलंय.

आता कारणाचा अंदाज बांधा, पण तो आकड्यांत मांडून पाहा. समजा, एक सील किट आठवड्याला १० खपतं आणि पुरवठादाराकडून यायला ६ आठवडे लागतात. म्हणून कपाटात ६० उरले की नवी ऑर्डर टाकायची, असं कधीतरी ठरलं. पुढे पुरवठ्याला ९ आठवडे लागू लागले, तरी ६० चा आकडा कोणी हलवला नाही. मग दर ऑर्डरला शेवटचे ३ आठवडे कपाट रिकामं, आणि ३० ग्राहक ताटकळत. ही आकडेमोड मेलमध्ये जाणार नाही. ती तुमच्यासाठी आहे, कारण ती केली की कारण दोन ओळींत सांगता येतं. आकडे तुम्ही धरलेले आहेत, कंपनीचे नव्हेत, हे मात्र लिहिताना विसरू नका. कंपनीचा खरा पुरवठा-काळ बाहेरून दिसत नाही.

मेल कोणाला जाणार, हे यानंतर ठरवा. माहिती विचारण्यासाठी दिलेल्या सामायिक पत्त्यावर पाठवू नका, आणि सरळ मालकालाही नको. इथे दोन नावं समोर येतात: खरेदी प्रमुख आणि सर्व्हिस प्रमुख. साठ्याचे आकडे खरेदी प्रमुखाच्या हातात असतात, म्हणून बरेच जण त्यालाच लिहितात आणि तिथेच फसतात. त्याला तो मेल स्वतःच्या कामावरचा ठपका वाटतो. ग्राहकाचा फोन सर्व्हिस प्रमुखाला घ्यावा लागतो. जो सोसतो त्याला लिहावं. तो मेल पुढे खरेदीकडे न्यायला त्याच्याकडे कारण असतं.

मजकूर शंभराच्या आसपास शब्दांत बसायला हवा. असा:

> विषय: सील किट पुन्हा स्टॉकमध्ये नाही
>
> नमस्कार,
>
> तुमच्या साइटवर ४० मिमी पंपाचं सील किट १, ८ आणि १५ तारखेला "स्टॉकमध्ये नाही" असं दिसलं. सर्व्हिस को-ऑर्डिनेटरच्या जाहिरातीत भागांच्या तारखा कळवणं हे पहिलं काम आहे. त्यावरून वाटतं, की तुमच्या माणसांचा बराच वेळ असे फोन घेण्यात जात असावा.
>
> असं होण्याचं एक नेहमीचं कारण म्हणजे नवी ऑर्डर कधी टाकायची तो आकडा जुन्या पुरवठा-काळावर ठरलेला असतो. पुरवठा लांबतो, आकडा तोच राहतो. तुमच्याकडे हेच आहे का, ते बाहेरून सांगता येणार नाही.
>
> सुट्या भागांचा साठा ठरवणं हेच माझं काम आहे. सर्वांत जास्त अडणारे दहा भाग कसे तपासायचे, याचं एक पान तयार आहे. ते तुमची माणसं माझ्याशिवाय वापरू शकतील. पाठवू का?

खाली नाव, फोन आणि साइटचा पत्ता, बस. यातलं "बाहेरून सांगता येणार नाही" हे वाक्य खोडायचा मोह होतो, कारण ते कमजोर वाटतं. ते राहू द्या. ते नसलं तर अंदाज निदान म्हणून वाचला जातो, आणि तो चुकला की पहिल्या परिच्छेदातल्या खऱ्या निरीक्षणावरचाही विश्वास उडतो. शेवटी अर्ध्या तासाची मीटिंगही मागू नका. "पाठवू का?" ला "पाठवा" एवढंच उत्तर पुरतं आणि ते फोनवरून चालता चालता देता येतं. अर्थात ते पान खरोखर तयार हवं; "पाठवा" आल्यावर आठवडा घेतला तर, भाग वेळेवर मिळत नाहीत म्हणून लिहिणाऱ्याचीच शोभा होते.

पाठवण्याआधी दोन गाळण्या लावा. पहिली: कंपनीच्या जागी तिच्याच धंद्यातली दुसरी कंपनी ठेवून मेल वाचा. तो तिथेही जसाच्या तसा चालत असेल तर पहिला परिच्छेद पोकळ आहे, तो पुन्हा लिहा. दुसरी: तुमच्याबद्दलची वाक्यं मोजा. वरच्या मेलमध्ये तशी दोनच आहेत आणि तीही शेवटी. अनुभवाची वर्षं, पूर्वीच्या ग्राहकांची नावं, सेवांची यादी यांतलं काही वर सरकलं असेल तर काढून टाका. ज्याला रस वाटेल तो साइटवर जाऊन बघतो.

तांत्रिक बाजू थोडक्यात. स्वतःच्या डोमेनवरून एक मेल आपल्याच दुसऱ्या जीमेल खात्यावर पाठवा, तिथे `Show original` उघडा आणि मेल खरंच तुमच्या डोमेनवरून आलाय का ते तपासणाऱ्या SPF, DKIM, DMARC या तिन्ही चाचण्यांपुढे `PASS` दिसतं का पाहा. नसेल तर मेल स्पॅममध्ये जाण्याची शक्यता वाढते, आणि मग शब्द घासूनपुसून काही उपयोग नाही. पहिल्या मेलला पीडीएफ जोडू नका. अनोळखी माणसाने पाठवलेली फाइल उघडायला लोक बिचकतात, आणि ते योग्यच आहे. अशा मेलबद्दल प्रत्येक देशाचे नियम वेगळे असतात, तेव्हा ज्या देशात पाठवताय तिथले आधी पाहून घ्या.

उत्तर आलं नाही तर पाच कामकाजाच्या दिवसांनी, त्याच मेलला जोडून, एकदाच लिहा आणि त्यात काहीतरी नवं असू द्या: ते किट परत आलं का, की आता आणखी एक भाग गायब आहे. "माझा मेल पाहिलात का?" एवढंच विचारणारा मेल समोरच्याला काहीच देत नाही. त्यानंतर थांबा.

आणि "नाही, आमची अडचण आकड्याची नाही, पुरवठादारच बंद पडलाय" असं उत्तर आलं तर दहा भागांचं ते पान पुढे करू नका. "मग हे किट दुसऱ्या कोणाकडून घेता येतं का, की ते बनवायचा साचा त्याच पुरवठादाराकडे अडकलाय?" एवढं विचारा.