छेद चौरस असो की अर्धवर्तुळ, घनफळ काढताना या चुका टाळा

एपी कॅल्क्युलसच्या परीक्षेत हमखास दिसणारा हा प्रकार. सपाट कागदावर एक पाया दिलेला असतो आणि सांगितलेलं असतं की अक्षाला लंब कापलं की प्रत्येक छेद चौरस (किंवा अर्धवर्तुळ) मिळतो, तर घनफळ काढा. गणित लहान असतं, इंटिग्रेशनही सोपं असतं, आणि तरी उत्तर चुकतं. चूक बहुतेक वेळा इंटिग्रेशनच्या आधीच झालेली असते.

एकच पाया घेऊ: y = √x आणि y = x/2 यांच्या मधला भाग. दोन्ही वक्र (0, 0) आणि (4, 2) इथे भेटतात. छेद एक्स-अक्षाला लंब आणि चौरस आहेत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही:

```
∫₀⁴ [(√x)² − (x/2)²] dx = 8 − 16/3 = 8/3
```

हात असा का चालतो ते कळतं. वक्र अक्षाभोवती फिरवून घनफळ काढताना मोठ्या वर्तुळातून लहान वर्तुळ वजा करायचं असतं, ती सवय इथे डोकावते. पण इथे काहीच फिरत नाही. x या जागी उभी रेघ मारली की ती खालच्या वक्रापासून वरच्या वक्रापर्यंत जाते, आणि तेवढीच चौरसाची बाजू: s = √x − x/2. वर्ग करायचा तो या वजाबाकीचा.

```
V = ∫₀⁴ (√x − x/2)² dx
  = ∫₀⁴ (x − x√x + x²/4) dx
  = 8 − 64/5 + 16/3 = 8/15
```

चुकीचं उत्तर बरोबरच्या पाचपट निघालं. आणि ते चुकलंय हे उत्तर न पाहताही कळू शकतं. बाजू सर्वांत मोठी x = 1 ला असते, 1/2 एवढी. म्हणजे कुठल्याही छेदाचं क्षेत्रफळ 1/4 च्या वर जात नाही. लांबी 4 आहे, तेव्हा घनफळ 4 × 1/4 = 1 पेक्षा मोठं असूच शकत नाही, आणि 8/3 तर अडीचच्या वर आहे. ही पडताळणी अर्ध्या मिनिटाची आहे. माझ्या मते अशा प्रत्येक गणितात ती करावीच. अर्थात ती फक्त वरची मर्यादा सांगते, उत्तर लहान आलं तर ही चाळणी काही पकडत नाही.

आधी पायाचं क्षेत्रफळ काढून त्याचाच वर्ग करणारेही असतात: (4/3)² = 16/9. तेही 1 च्या वर जातं. वर्ग आधी, इंटिग्रेशन नंतर.

आता त्याच पायावर अर्धवर्तुळं उभी करू. पायावरची रेघ हा अर्धवर्तुळाचा व्यास आहे, त्रिज्या नव्हे. त्रिज्या s/2, म्हणून क्षेत्रफळ ½ · π · (s/2)² = πs²/8. हा 8 पाठ करण्यापेक्षा तो दर वेळी असा मांडून काढलेला बरा, कारण ½ विसरणारे वेगळे आणि s/2 चा वर्ग विसरणारे वेगळे. इंटिग्रेशन पुन्हा करायची गरजच नाही; चौरसांचं 8/15 हाताशी आहे, म्हणून V = (π/8)(8/15) = π/15, साधारण 0.21. रेघेलाच त्रिज्या धरली तर 4π/15 येतं, साधारण 0.84. व्यास s असलेलं अर्धवर्तुळ s बाजूच्या चौरसात आरामात मावतं, मग त्याचं घनफळ चौरसांच्या 0.53 पेक्षा जास्त कसं येईल? इथेच चूक पकडली जाते.

‘वाय-अक्षाला लंब’ असं लिहिलेलं असलं की बरेच जण पुन्हा √x − x/2 च मांडतात आणि फक्त dx च्या जागी dy लिहितात. रेघ आता आडवी आहे. डाव्या वक्रावर x = y², उजव्यावर x = 2y, आणि y जातो 0 ते 2.

```
V = ∫₀² (2y − y²)² dy = 32/3 − 16 + 32/5 = 16/15
```

पाया तोच, छेद चौरसच, तरी घनफळ दुप्पट. त्यामुळे दोन्ही दिशांची उत्तरं सारखी यायला हवीत असं समजून आपलंच बरोबर उत्तर खोडू नका.

पाया वर्तुळ असेल, समजा x² + y² = 9, तर वेगळाच घोटाळा होतो: बाजू √(9 − x²) धरली जाते. ती अर्धीच रेघ झाली. पूर्ण रेघ 2√(9 − x²). चौरस छेदांचं घनफळ 144 यायला हवं, पण अर्ध्या रेघेने 36 येतं. अर्धवर्तुळांसाठी मात्र इथे आयती पडताळणी मिळते. अर्धवर्तुळाची त्रिज्या √(9 − x²) होते आणि तयार होतो तो 3 त्रिज्येचा अर्धगोल, ज्याचं घनफळ (2/3)π · 27 = 18π. आपल्या रीतीने (π/8) · 144 केलं तरी 18π च येतं.